ट्यूब फेकू नका, घेऊन या

*डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी 23 वर्षांचा, अंबाजोगाईचा. चार महिन्यांपूर्वी पुण्यात आलो, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. आल्यावर महिन्याभरात तोंडावर पिंपल्स उठले, रंगही उतरला. रूममेटने त्याचं क्रीम दिलं. पंधरा दिवसांत चेहरा एवढा उजळला की गावी गेलो तर लोक विचारायला लागले. अडीच महिने लावतोय. मागच्या आठवड्यात चार दिवस बंद केलं तर तोंड पेटल्यासारखं लाल झालं, बारीक पुटकुळ्या आल्या. परत लावलं, दुसऱ्या दिवशी बरं. दहा दिवसांनी एका खासगी बँकेत मुलाखत आहे, गिऱ्हाइकांशी बोलायचं काम. मित्र म्हणतो, आदल्या दिवशी ब्लीच आणि फेशियल कर. क्रीम चालू ठेवू की बंद करू? असं तोंड घेऊन जाऊ का तारीख पुढे मागू? पैसे फार नाहीत.*

तारीख जवळ आहे म्हणून तुम्हाला थोडक्यात उत्तर फोनवर आधीच कळवलं. इथे सविस्तर लिहिते, कारण पेठांमधल्या आणि कर्वेनगरच्या खोल्यांमधून हीच ट्यूब एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर फिरताना मी गेली कित्येक वर्षं बघते आहे.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर माझं निदान जवळजवळ उभं आहे. बंद केलं की चेहरा पेटतो आणि परत लावलं की दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. साधी मुरुमं अशी वागत नाहीत. ती आज आली तर आठवडाभर बसतात, मलम लावा नाहीतर न लावा. एका रात्रीत शांत होणारा आणि दोन-तीन दिवसांच्या खाड्यात उसळणारा चेहरा म्हणजे स्टेरॉइडची सवय लागलेला चेहरा. ट्यूब घ्या आणि मुंगीएवढ्या अक्षरांत घटक लिहिलेले असतात ते वाचा. नावाचा शेवट 'सोन' किंवा 'सोल' असा असेल, म्हणजे मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, तर ते स्टेरॉइड. 'झोल'ने शेवट होणारं नाव, जसं क्लोट्रिमाझोल, हे बुरशीचं औषध. एरवी आपण झोल म्हणतो तसा झोल त्यात नाही, मात्र बाजारातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये ही दोन्ही एकत्र कोंबलेली असतात, त्यामुळे एक नाव वाचून थांबू नका. ट्यूबवर लाल रेघ असते आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना असते. अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीवरच विकावीत असं केंद्र सरकारने 2018 साली ठरवलं. काउंटरवर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता तुम्हाला एका मुलाची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, परभणीचा होता म्हणून परभणीकर म्हणू.

तीनेक वर्षांपूर्वीचा एप्रिल. संध्याकाळची शेवटची वेळ होती. तो आत आला तो तोंडाला रुमाल बांधूनच, आणि खुर्चीत बसल्यावरही त्याने रुमाल सोडला नाही. म्हणाला, "मॅडम, ग्लो येईल असं काहीतरी द्या. पुढच्या गुरुवारी इंटरव्ह्यू आहे." दिवस मोजले तर नऊ होते. खराडीच्या एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटची जागा, त्याच्या भावाच्या ओळखीने बोलावणं आलेलं.

मी म्हटलं, "आधी रुमाल काढ."

चेहरा दोन रंगांचा होता. मानेपासून खाली त्याचा मूळचा सावळा रंग आणि हनुवटीच्या वर फिकट गुलाबी, जणू मुखवटा चढवलाय. गालांवर जवळून पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसत होत्या. कपाळावर आणि हनुवटीवर पुटकुळ्या होत्या, पण सगळ्या एकाच मापाच्या, मोहरीएवढ्या. वयात आल्यावर येणाऱ्या मुरुमांत लहानमोठी सगळी असतात, मधूनमधून काळी टोकं असतात. इथे तसं काही नव्हतं. गालावर बारीक लवही वाढली होती. मी विचारलं, उन्हात गेल्यावर काय होतं? "मिरची चोळल्यासारखं होतं." आणि चहाच्या वाफेने? "तसंच."

मग त्याने पिशवीतून पिळून चपटी केलेली ट्यूब काढली. वीस ग्रॅमची. एक किती दिवस पुरते असं विचारल्यावर म्हणाला, तीन आठवडे, आणि ही सातवी. म्हणजे पाच महिने, दिवसाला साधारण एक ग्रॅम, आणि तेही फक्त तोंडाला. हा हिशेब मी प्रत्येकाला विचारते. 'थोडंसंच लावतो' याचा अर्थ प्रत्येकाच्या लेखी वेगळा असतो, रिकाम्या ट्यूबा मात्र खोटं बोलत नाहीत. त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. पहिलं स्टेरॉइड. ते रक्तवाहिन्या आकसवतं, सूज आणि लाली दाबतं, म्हणून पिंपल्स बसल्यासारखे वाटतात. दुसरं रंगद्रव्य बनणं रोखतं. तिसरं वरची कातडी सोलतं आणि बाकीच्या दोघांना आत जायला वाट करून देतं. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो तो या तिघांच्या संगनमताने. वांगासारख्या डागांवर आम्ही हे मिश्रण ठरावीक आठवडे, नजरेखाली वापरतोही. पण तळहाताची कातडी आणि गालाची कातडी यांत फार फरक आहे. गालाची पातळ, स्टेरॉइड पटकन शोषणारी. महिन्यामागून महिने लावलं की ती आणखी पातळ होते, शिरा उघड्या पडतात, आणि वाहिन्यांना आकसून राहायची एवढी सवय लागते की औषध सुटताच त्या एकदम फुलतात. मग माणूस परत ट्यूब उघडतो.

त्याला खरी भीती कसली होती ते मला बोलता बोलता कळलं. अर्जाला लावलेला फोटो त्याने स्टुडिओत काढला होता. तिथल्या माणसाने न विचारता संगणकावर चेहरा गुळगुळीत आणि गोरा करून दिला. आपल्याकडे पासपोर्ट फोटोचं हे असंच असतं, आणि पैसे देणाऱ्यालाही त्यात गैर वाटत नाही. ट्यूब त्यानंतर सुरू झाली होती. त्याचं म्हणणं, "फोटोतला माणूस आणि मी एकच आहे हे त्यांना कसं पटणार?" पाच महिने तो पोरगा स्वतःच्या फोटोसारखा दिसायचा प्रयत्न करत होता.

समोर तीन वाटा होत्या. औषध त्याच दिवशी एकदम बंद करायचं, तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उसळी सुरू होणार आणि पुढचा आठवडाभर ती चढत जाणार. म्हणजे गुरुवारी तो ऐन भरात. नऊ दिवस तसंच चालू ठेवायचं, तर गुरुवारी चेहरा शांत दिसेल, पण कातडी आणखी नऊ दिवस झिजणार. आणि नोकरी लागली तर पहिल्या आठवड्यात, परिवीक्षेत, तीच उसळी समोर येणार. तेव्हा तो बंद करणार होता का? मला तरी शंका होती. तिसरी वाट मधली: जोरदार स्टेरॉइड थांबवून अगदी सौम्य स्टेरॉइड काही रात्री, मग एक रात्र सोडून, मग बंद. पुटकुळ्यांसाठी पोटातून घ्यायची गोळी. शिवाय सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. साबण, स्क्रब, मुलतानी माती, लिंबू, सगळं बंद.

मी तिसरी वाट धरली. आणि त्याला सांगितलं, की नवव्या दिवशी तुझा चेहरा चांगला दिसणार नाही, बरा दिसेल. थोडा लालच असेल.

"किती लाल?"

"दुपारचा चालत आल्यासारखा."

त्याने ते लिहून घेतलं. वहीत रोज एक ओळ लिही असं मी सांगितलं होतं, ती वही त्याने नंतर मला दाखवली. दुसरा दिवस: खाज. तिसरा: खाज जास्त, कानाजवळ. चौथा: खोलीत फोडणी दिली तर तोंड भाजलं, गॅलरीत जाऊन बसलो. पाचव्या दिवशी ओळ नाही, कारण त्या रात्री अकराला त्याचा फोन आला. ट्रंकेत एक नवी ट्यूब शिल्लक होती. "एकदाच लावतो, मॅडम, फक्त आज." मी म्हटलं, आत्ता ओल्या सुती कपड्याची घडी दहा मिनिटं ठेव, वर मॉइश्चरायझर लाव, आणि ती ट्यूब उद्या सकाळी खानावळीतल्या काकूंकडे ठेवायला दे. फेकून दे असं म्हटलं असतं तर त्याने फेकली नसती. सहाव्या दिवशीची ओळ: काकूंनी विचारलं नाही. सातव्या दिवशी: झोप लागली.

केस त्याने पाचव्या दिवशी कापले होते. नवी कात्री लागलेली टाळू आणि कानामागची रेघ जरा जुनी झालेली बरी दिसते, म्हणून आदल्या दिवशी नको. दाढीचं मात्र उलट. वस्तरा नको असं मी बजावलं होतं, कारण पुटकुळ्यांवरून पातं गेलं की त्या फुटतात, आणि सूज आलेल्या कातडीत कापलेला केस आत वळतो. मित्राचा ट्रिमर, बुधवारी रात्री, जाळी लावून. चेहरा अगदी तासलेला दिसत नाही, पण नीटनेटका दिसतो, आणि रक्ताचे ठिपके कॉलरवर येत नाहीत. फोटोही त्याने नवा काढला, दुकानदाराला 'टच-अप नको' असं दोनदा सांगून. दुकानदार नाराज झाला म्हणे.

गुरुवारी अकराची वेळ होती. मोटारसायकलवर मागे बसून जायचं ठरलं होतं, ते मी मोडलं. हेल्मेटच्या आतली उष्णता आणि घाम, वर एप्रिलचं ऊन, खराडीपर्यंत तोंड शिजलं असतं. पावणेनऊला बस धरली, सावलीच्या बाजूची खिडकी. सनस्क्रीन निघण्याआधी वीस मिनिटं. दहाला पोहोचला, स्वच्छतागृहात नुसत्या गार पाण्याने तोंड धुतलं, सुती रुमालाने टिपलं, पुसलं नाही, मॉइश्चरायझर परत लावलं आणि अर्धा तास एसीत बसला. लाली बरीच उतरली. गेटवर सुरक्षारक्षकाने आधार कार्डावरचा फोटो बघून त्याच्याकडे पाहिलं आणि सोडलं. त्या फोटोशी तर कुणाचाच चेहरा जुळत नाही.

आत तिघे होते. मधल्या बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "तब्येत बरी आहे ना?" यासाठी आम्ही एक वाक्य तयार ठेवलं होतं. "त्वचेचं औषध चालू आहे मॅडम, कामाला काही अडचण नाही." त्यांनी मान हलवली आणि लगेच विचारलं, जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर बनणारं विवरणपत्र, आणि खरेदीचं रजिस्टर यांत फरक आला तर काय करशील? तिथे परभणीकर अडकला. पुरवठादाराने बिल उशिरा भरलं असेल एवढं त्याला सुचलं, पण जीएसटी क्रमांक चुकीचा असणं, बिल पुढच्या महिन्यात सरकणं, ते त्याने वाचलंच नव्हतं. नऊ दिवसांत वहीत चेहऱ्याच्या ओळी होत्या, जीएसटीची एकही नव्हती. ती जागा त्याला मिळाली नाही.

दोन महिन्यांनी चाकणच्या एका कारखान्यात लागला, तेव्हाही गालांची लाली पूर्ण उतरली नव्हती. उतरायला पाच महिने लागले. शिरा सगळ्यात शेवटी गेल्या, दोन-तीन अजून आहेत. शेवटच्या भेटीला आला तेव्हा तक्रार करत होता, "मॅडम, मान आणि तोंड एकाच रंगाचं झालं. आधीसारखाच काळा झालो."

मी म्हटलं, "म्हणजे बरा झालास."

त्याला ते फारसं पटलं नाही, हेही सांगते.

आता तुमचं. तुमचे अडीच महिने झालेत, त्याचे पाच होते, त्यामुळे तुमची उसळी बहुधा कमी दिवसांची असेल. तुमच्याकडे एक दिवस जास्तही आहे. पण चार दिवस बंद करून परत लावलं हे तुम्ही एकदा केलंय, ते पुन्हा करू नका. एकदम बंद, मग घाबरून परत, असे हेलकावे चेहऱ्याला सगळ्यात जास्त थकवतात. कमी कसं करायचं, कुठलं सौम्य औषध, किती रात्री, हे चेहरा बघितल्याशिवाय मी छापणार नाही. पुटकुळ्यांची गोळीही मित्राच्या चिठ्ठीवरून घेऊ नका. त्या गोळीत बहुतेकदा डॉक्सिसायक्लिन असतं. ते घेतल्यावर ऊन आणखी लागतं, आणि कमी पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होते. मात्र उद्या सकाळीच निघा. पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. रांग असते, म्हणून लवकर जा आणि अभ्यासाची वही बरोबर ठेवा.

ब्लीच आणि फेशियल अजिबात नको. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो. धडधाकट कातडीलाही कधी कधी ते चुरचुरतं, तुमची तर सोललेली आहे. फेशियलमध्ये घासणं आणि वाफ, दोन्ही तुमचे शत्रू. बहिणीने किंवा मैत्रिणीने कन्सीलर सुचवलं तर तेही मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा नको. या कातडीला कुठलीही नवी वस्तू आधी कानामागे दोन दिवस लावून बघावी लागते, आणि घामाने त्याचे ओघळ आले तर लालीपेक्षा तेच जास्त दिसतं.

तारीख पुढे मागू नका. पुढची तारीख मिळाली तर ती दोन-तीन आठवड्यांची मिळेल, आणि तेवढ्यात हा चेहरा निवळत नाही. उलट तेव्हा तुम्ही कदाचित आजच्यापेक्षा जास्त लाल असाल. चेहरा सुजला, पाणी गळायला लागलं किंवा ताप आला तर मात्र वेगळी गोष्ट. मग त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि बँकेला कळवा. डोळ्यांच्या कडेपर्यंत क्रीम लावत असाल आणि धूसर दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो.

त्याच्यासारखं एक वाक्य तुम्हीही तयार ठेवा, तुमच्या शब्दांत, आणि रूममेटसमोर चार वेळा मोठ्याने म्हणून बघा. रूममेटलाही त्याच्या गालावर शिरा दिसतात का ते आरशात बघायला सांगा. तोही अजून लावत असेल.

आणि उद्या जाताना ट्यूब बरोबर घ्या. रिकामी असली तरी, चेपलेली असली तरी, नाव पुसलं गेलं असलं तरी. खोकं असेल तर खोकंही. 'पांढरी ट्यूब, निळी अक्षरं' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.